शाळेच्या स्नेहमेळाव्यात पाच मिनिटं बोलायचंय. काय ठेवू, काय गाळू?

मधलीसुट्टी

नमस्कार मंडळी. आमची दहावी १९८५ ची. सदाशिव पेठेतली शाळा, ‘क’ तुकडी, पटावर बासष्ट जण. चाळीस वर्षांनी सगळे भेटतोय. एक्केचाळीस जणांनी नक्की येतो म्हणून कळवलंय, दोघं तर परदेशातून येतायत. पाचवीत आणि दहावीत ज्या आमच्या वर्गशिक्षिका होत्या त्या बाईही येणार आहेत. त्यांचं वय चौऱ्याऐंशी.

वर्गातर्फे चार शब्द बोलायचं काम माझ्याकडे आलंय. वेळ पाच मिनिटं. मी लिहायला बसलो आणि नऊ पानं झाली. सहल, स्नेहसंमेलन, ८३ चा विश्वचषक, चिंचा-बोरं, पीएमटीचा पास, दहावीचा निकाल, सगळंच आलं त्यात. वाचून पाहिलं तर हजेरीपटासारखं वाटतंय.

तीन ठिकाणी अडलोय.

एक, आमच्यात एकाला सगळे ‘स्कायलॅब’ म्हणायचे. १९७९ च्या जुलैत आम्ही पाचवीत होतो, स्कायलॅब हे अमेरिकेचं अवकाशस्थानक पडणार म्हणून गावभर घबराट होती. दुपारी वर्गाबाहेर धाडकन आवाज झाला आणि हा बाकाखाली शिरला. त्याच वेळी ते पडलं होतं. तेव्हापासून दहावीपर्यंत त्याचं ते नाव. चाळीस वर्षांनी तो पहिल्यांदाच येतोय. हा किस्सा सांगावा का?

दोन, आमच्यातले तिघं आता नाहीत. त्यांचं नाव कुठे घ्यावं, सुरुवातीला की शेवटी?

तीन, बाईंना कमी ऐकू येतं. त्यांना सगळं कळावं असं मनापासून वाटतंय.

तळजाई

अभिनंदन! आमच्या मेळाव्याचा अनुभव सांगते. कार्यालय घेताना अर्ध्या दिवसाचं भाडं नीट विचारून घ्या, आमच्याकडे तीन वाजता सामान हलवायला सुरुवात केली होती. जेवणात मसालेभात, अळूची भाजी, जिलबी आणि मठ्ठा एवढंच ठेवा, सगळ्यांना चालतं. पन्नाशीच्या पुढे चाट-बिट कोणी खात नाही.

निवांत_कोथरूड

ताई, त्यांना भाषणाचं विचारायचंय. पण मठ्ठ्याला माझं अनुमोदन.

माझं मत: लिहूच नका. मनातलं बोला. कागद हातात आला की माणूस शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत उभा राहिल्यासारखा बोलतो. आणि विनोद करायचाच तर फक्त स्वतःवर करा, म्हणजे कोणी दुखावत नाही.

ध्वनिक्षेपक

मी पंचवीसेक वर्षं सूत्रसंचालन करतो. साठीशांती, निरोप समारंभ, माजी विद्यार्थ्यांचे मेळावे असे शेकडो कार्यक्रम झाले असतील. निवांतरावांचं अर्धं पटतं. वाचून दाखवू नये हे खरं. पण न लिहिता उभं राहिलेला माणूस पाच मिनिटांत बसलेला मी पाहिलेला नाही. तो चौदा मिनिटं बोलतो आणि शेवट सापडत नाही म्हणून ‘आणखी एक सांगायचं राहिलं’ असं तीनदा म्हणतो.

आधी हिशेब करा. सावकाश, समोर बघत मराठी बोललं की मिनिटाला साधारण शंभर ते एकशेवीस शब्द होतात. पाच मिनिटांत सरासरी साडेपाचशे. त्यातून हशा आणि टाळ्यांना एक मिनिट सोडा. शाळूसोबती हसायला लागले की मध्येच ‘आणि तो छत्रीवाला प्रसंग?’ असं कोणीतरी ओरडतंच. म्हणजे लिहायचे साडेचारशे शब्द. तुमच्या नऊ पानांतलं एक पान.

आता त्या एका पानात काय? सहा वर्षं बसत नाहीत. एक दिवस बसतो. तुमच्याकडे तो दिवस आहे, स्कायलॅबचा. जून ७९ मध्ये तुम्ही पाचवीत आलात म्हणजे वेगवेगळ्या प्राथमिक शाळांतून आलेली, एकमेकांना न ओळखणारी बासष्ट मुलं. महिनाभरात हा प्रसंग. वर्ग म्हणून बहुतेक पहिल्यांदा एकत्र घाबरलात आणि एकत्र हसलात. बाकी सहल, संमेलन सगळं सोडून द्या, ते जेवताना आपोआप निघतं.

पण त्या मित्राला आधी फोन करा. ‘तुझा किस्सा सांगू का’ असं विचारू नका, कोणीही भिडेखातर हो म्हणतो. ‘त्या दिवशीचं तुला काय आठवतं’ असं विचारा, आणि ऐकून घ्या. चालणार नसेल तर आवाजातच कळेल.

आकाशदर्शन

एक दुरुस्ती सुचवतो, कारण मंचावर चूक राहू नये. स्कायलॅब ११ जुलै १९७९ ला पडलं, बुधवार होता. पण आपल्या वेळेप्रमाणे रात्री दहाच्या सुमारास. दुपारी तुमच्या वर्गाबाहेर जो आवाज झाला तेव्हा ते अजून आकाशात फिरत होतं. तेव्हा ‘त्याच वेळी ते पडलं होतं’ हे काढा.

निवांत_कोथरूड

ते ऑस्ट्रेलियात पडलं ना? मग आपल्याकडे एवढी भीती कशाची होती?

आकाशदर्शन

बराचसा भाग हिंदी महासागरात गेला, काही तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात सापडले. भीती अशासाठी की नेमकं कुठे आणि कधी पडणार हे शेवटपर्यंत पक्कं सांगता येत नव्हतं. पंचाहत्तरेक टनांची वस्तू वातावरणात शिरते तेव्हा ती किती जळेल, किती लांब वाहत जाईल हे तिच्या फिरण्यावर आणि वरच्या विरळ हवेच्या घनतेवर ठरतं. त्या वर्षांत सूर्य बराच सक्रिय होता, त्याने वरची हवा फुगली आणि स्कायलॅब अंदाजापेक्षा लवकर खाली आलं. मी तेव्हा सातवीत होतो. आमच्या वाड्यात त्या दिवशी गच्चीवर जायला बंदी होती, जणू खाली अंगणात ते लागलं नसतं.

चिंचबोर

आमच्याकडे आजीने देव पाण्यात ठेवले होते. 🙂

तिघांबद्दल: आमच्या मेळाव्यात फार सुंदर केलं होतं. बाईंनी पूर्वीसारखी हजेरी घेतली. प्रत्येकाने ‘हजर’ म्हटलं, आणि जे नाहीत त्यांचं नाव आलं की शांतता. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. तुम्हीही तसंच करा.

पानगळ

चिंचबोर, तुमच्या भावना कळतात, पण मी त्या शांततेच्या दुसऱ्या बाजूला बसले होते म्हणून लिहिते. माझे यजमान गेल्यावर दीड वर्षाने त्यांच्या वर्गाचा मेळावा झाला आणि मला आग्रहाने बोलावलं. हजेरी सुरू झाली. आडनावांच्या क्रमाने नाव येणार हे मला कळत होतं. अकरावं, बारावं, तेरावं. त्यांचं पंधरावं. नाव घेतलं आणि सगळे गप्प झाले, आणि मग एकेक मान माझ्याकडे वळली. मी काय करायचं होतं? मुलगा शेजारी होता, त्याने माझा हात धरला. पुढचं नाव येईपर्यंत किती वेळ गेला असेल, दहा सेकंदं, पण मला अजून आठवतात.

त्याच दिवशी जेवताना एक गृहस्थ येऊन म्हणाले, ‘वहिनी, हा आमच्या सगळ्यांच्या सायकलींची चेन बसवून द्यायचा आणि मग ते काळे हात माझ्या शर्टाला पुसायचा.’ ते मला माहीत नव्हतं. घरी येऊन मी ते वाक्य वहीत लिहून ठेवलं. तिघांपैकी कोणाच्या घरचं येणार असेल तर असं काहीतरी द्या त्यांना.

चिंचबोर

ताई, हा विचार मी केलाच नव्हता. आमच्याकडे घरचं कोणी नव्हतं. मनापासून माफी.

ध्वनिक्षेपक

पानगळताईंनी लिहिलंय ते मी मंचावरून पाहिलंय. हजेरीचा प्रकार मी करत नाही.

जागेबद्दल: अगदी सुरुवातीला नावं घेतली तर त्यानंतर हसायला लोक बिचकतात. शेवटी घेतली तर लगेच ‘जेवणाची व्यवस्था तळमजल्यावर आहे’ अशी घोषणा येते आणि ते फार वाईट दिसतं. मी तिसऱ्या मिनिटाच्या आसपास घेतो. लोक एकदा मोकळे हसून झालेले असतात. प्रत्येकाबद्दल एकच वाक्य, पण त्याने हाताने केलेली एखादी गोष्ट. ‘मनमिळाऊ होता’ हे कोणालाही लागू पडतं. आणि तिघांतला एखादा मिश्कील असेल तर त्याचं वाक्य शेवटी ठेवा, म्हणजे पुन्हा हसू त्याच्यामुळेच येतं.

तळजाई

मला सुरुवातीलाच बरं वाटतं. दीपप्रज्वलन, श्रद्धांजली, मग कार्यक्रम. मनावरचं ओझं उतरतं. तिसऱ्या मिनिटाला अचानक आलं तर मी तरी पुढचं काही ऐकू शकणार नाही.

मधलीसुट्टी

सगळ्यांचे आभार. ध्वनिक्षेपकांनी सांगितलं तसा काल रात्री मित्राला फोन केला. तासभर बोललो. दोन गोष्टी कळल्या.

पहिली म्हणजे तो आवाज आमच्या सायकल स्टँडच्या पत्र्यावर वरच्या मजल्यावरून पडलेल्या डस्टरचा होता. लाकडी पाठीचं डस्टर. आणि बाकाखाली तो एकटा गेला नव्हता. ‘अरे, तू माझ्याआधी खाली होतास, माझ्या कोपराला तुझं कंपास लागलं होतं,’ म्हणाला. मला हे खरोखर आठवत नव्हतं. त्याच्या कोपराला अजून छोटा वण आहे.

दुसरी गोष्ट अशी. मी विचारलं, नाव नकोसं वाटायचं का रे? म्हणाला, तुम्ही म्हणायचात तेव्हा आवडायचं, वर्गात मला नाव होतं. पण नववीत एका शिक्षकांनी गणिताचा पेपर देताना ‘स्कायलॅब कोसळलं’ म्हणून सगळ्यांसमोर गुण वाचले. ते लागलं. तेवढं मात्र सांगू नकोस. मी त्या तासाला हसणाऱ्यांत होतो. चाळीस वर्षांनी फोनवर सॉरी म्हणालो.

आता एकच अडचण उरलीय. तिघांपैकी दोघांबद्दल वाक्य मिळालं. तिसरा सातवीनंतर शाळा सोडून गेला. मला त्याचा चेहराही नीट आठवत नाही. ग्रुपवर विचारलं तर ‘खूप शांत होता’, ‘छान मुलगा होता’ एवढंच आलं.

ध्वनिक्षेपक

‘तो कसा होता’ असं विचारलं की विशेषणं येतात. ‘त्याच्या शेजारी कोण बसायचं’ असं विचारा.

मधलीसुट्टी

विचारलं. शेजारी स्कायलॅबच बसायचा! त्याने लगेच लिहिलं. आता हा मसुदा बघा, वाचायला चार मिनिटं दहा सेकंद लागली. तिघांची नावं इथे काढली आहेत.

‘बाई, आणि मित्रमैत्रिणींनो,
११ जुलै १९७९. बुधवार. आपल्याला एकमेकांची नावं माहीत नव्हती. कोण नारायण पेठेतला, कोण पर्वतीवरून येणारा. पण एक गोष्ट बासष्ट जणांना पक्की माहीत होती, की आज आपल्या डोक्यावर स्कायलॅब पडणार आहे.
पाचवा तास. बाहेर सायकल स्टँडचा पत्रा धाडकन वाजला. पुढच्या क्षणी आपला एक मित्र बाकाखाली होता. त्याला आपण सहा वर्षं स्कायलॅब म्हटलं. आज त्याच्या परवानगीने एक सत्य सांगतो. त्या बाकाखाली आधीच एक जण होता, आणि तो मी होतो. त्याच्या कोपराला माझ्या कंपासचा वण आहे. आज त्याने अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातलाय, खात्री करून घ्या.
बाई, तुम्ही त्या दिवशी कोणाला रागावला नाहीत. तुम्ही बाहेर गेलात आणि पृथ्वीगोल घेऊन आलात. तो फिरवायचा, डोळे मिटून बोट ठेवायचं, आणि बोट पाण्यावर की जमिनीवर ते सांगायचं. एकेक जण पुढे आलो. पाणी, पाणी, जमीन, पाणी. फळ्यावर तुम्ही रेघा मारत होतात. पाण्याच्या रेघा कितीतरी जास्त झाल्या. मग तुम्ही म्हणालात, आता या गोलावर पुणे दाखवा. पुण्याचा ठिपकाही नव्हता. तेव्हा आपण सगळे एकदम हसलो. मला वाटतं, आपला वर्ग त्या दिवशी झाला.
त्या दिवशी हसलेल्यांपैकी तिघं आज इथे नाहीत. एक जण दप्तरात सोल्युशनची नळी आणि कानस घेऊन यायचा, कारण आपल्यापैकी कोणाची तरी सायकल रोज पंक्चर असायची. एक मैत्रीण चार वर्षं फळ्यावर सुविचार लिहायची, आणि तिच्या हाताचा ‘क्ष’ आपण सगळ्यांनी वहीत उतरवून पाहिला, कोणाला जमला नाही. आणि एक जण सातवीपर्यंतच आपल्यात होता. रोज डब्यात तूप-गुळाची पोळी, गुंडाळी करून आणायचा. शेजाऱ्याला अर्धी द्यायचा. देताना ज्या टोकाला तूप उतरलेलं असेल ते टोक शेजाऱ्याकडे करायचा. तो शेजारी इथे बसलाय. त्यानेच हे मला सांगितलं.
बाई, पृथ्वीगोल शाळेतून मिळाला नाही. पण आम्ही एक नवा आणलाय. जेवणाआधी एकेकाने पुढे यायचंय. डोळे मिटून.’

पानगळ

तुपाचं टोक. तेवढं वाक्य त्यांच्या घरच्यांना लिहूनही द्या.

आकाशदर्शन

पृथ्वीचा एक्काहत्तर टक्के पृष्ठभाग पाण्याखाली आहे, म्हणजे एक्केचाळीस जणांत एकोणतीसच्या आसपास बोटं पाण्यावर यायला हवीत. थोडं कमीजास्त होईल. मोजून कळवा!

ध्वनिक्षेपक

मसुदा चांगला आहे. दोनच सूचना. ‘मला वाटतं, आपला वर्ग त्या दिवशी झाला’ हे गाळा. सगळे हसतील तेव्हा ते त्यांना कळलेलं असेल, तुम्ही सांगायला लागलात तर हसू तुटेल. आणि परवानगी घेतली आहे हे त्या मित्राने मानेने तरी दाखवावं, म्हणून त्याला समोर बसवा.

बाईंसाठी: मोठ्या अक्षरात छापलेली प्रत आधी त्यांच्या हातात द्या. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला ओठ दिसले की बरंच कळतं, म्हणून माइक तोंडासमोर धरू नका, हनुवटीखाली चार बोटांवर ठेवा. ध्वनियंत्रणावाल्याला आवाज थोडा वाढवायला सांगा. कार्यालयात आवाज घुमतो, म्हणून वाक्य संपलं की थांबा. तुमची स्वतःची प्रत जाड कागदावर घ्या. मंचावरचा पंखा पातळ कागद उडवतो, आणि तो कधीच बंद होत नाही.

निवांत_कोथरूड

मी म्हटलं होतं फक्त स्वतःवर विनोद करा. इथे तो मित्रावरही आहे आणि स्वतःवरही, आणि मला हे जास्त आवडलं. पण ते वाक्य मात्र ठेवा हो. तेच तर सगळ्याचं सार आहे.

मधलीसुट्टी

काल मेळावा झाला. वेळ लागला सहा मिनिटं, कारण कोपर दाखवा म्हणून दोन मिनिटं गोंधळ झाला. स्कायलॅब उभा राहिला आणि बाही वर करून वर्गभर फिरला. ते वाक्य मी गाळायचं ठरवलं होतं, पण तोंडातून गेलंच. हसू तुटलं नाही, पण एक क्षण सगळे शांत झाले. ध्वनिक्षेपक बरोबर की निवांतराव, मला अजून ठरवता येत नाहीये.

तळजाईताई, तिघांचं आलं तेव्हा मागच्या रांगेतली एक मैत्रीण उठून बाहेर गेली. ती सुविचारवालीची जिवलग. नंतर भेटून विचारलं, तर म्हणाली आधी सांगितलं असतंस तर बरं झालं असतं. तुमचं म्हणणं तेव्हा आठवलं. पंक्चरवाल्याचा मुलगा आला होता. त्याने ती कानस घरी अजून आहे म्हणून सांगितलं.

पृथ्वीगोलावर सदतीस जण आले. पाणी चोवीस, जमीन तेरा.

आकाशदर्शन

सदतीसमधून सव्वीसच्या आसपास अपेक्षित होती. चोवीस म्हणजे अगदी जवळ. उत्तम!

चिंचबोर

आणि बाई? बाई काय म्हणाल्या?

मधलीसुट्टी

बाईंनी प्रत हातात धरून बोटाने ओळ न् ओळ वाचली, माझ्या बरोबरीने. पृथ्वीगोलाच्या जागी आल्या तेव्हा मान हलवायला लागल्या. मला वाटलं काही चुकलं. नंतर माइक मागून घेतला आणि म्हणाल्या, ‘तो गोल मुख्याध्यापकांच्या खोलीतला होता. त्यांना न विचारता आणला होता. संध्याकाळी परत ठेवायला गेले तर ते स्वतः खुर्चीत बसून डोळे मिटून दुसऱ्या एका नकाशावर बोट ठेवत होते.’

मग नवा गोल मांडीवर घेतला, चष्मा काढला, डोळे मिटले आणि फिरवला. बोट पाण्यावर आलं.

तळजाई

वाचून डोळे भरले. पुढच्या वेळी तिघांचं आधी कानावर घाला म्हणजे झालं. आणि जेवणाचं सांगा आता, मठ्ठा होता का?

मधलीसुट्टी

होता ताई. दोनदा घेतला.